पळणाऱ्या पोरीचं शिफारसपत्र

पत्र वाचलं. भाषा चांगली आहे, अक्षरही सुंदर आहे. पण हे पत्र तू आपल्या पारोळ्यातल्या कुठल्याही पोरासाठी देऊ शकला असतास. ‘अत्यंत होतकरू, मेहनती, शिस्तप्रिय, भविष्यात जिल्ह्याचे नाव उज्ज्वल करील’ या चार शब्दांत ती पोरगी कुठे आहे? बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत काय किंवा दुसऱ्या कुठल्या निवासी अकादमीत काय, निवडीच्या टेबलावर अशी पत्रं गठ्ठ्यानं येतात. त्यातली मेहनती नसलेली मुलं मला अजून भेटायची आहेत.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. पत्रानं प्रवेश मिळत नाही, चाचणीनं मिळतो. तिथे पोरीची उंची-वजन घेतील, मागून वेग घेत येऊन ३० मीटर पळवतील, जागेवरून लांब उडी मारायला लावतील, भिंतीशी उभी उडी, १ किलोचा मेडिसिन बॉल, १० मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल, ८०० मीटर. हे सगळं ते स्वतः मोजणार आहेत. मग ‘ही फार वेगवान आहे’ हे तू कशाला सांगायचं? चाचणीला जे दिसणार नाही ते तू सांगायचं. सकाळच्या दोन तासांत घड्याळ आणि टेप एवढंच कळतं की पोरगी आज कुठे उभी आहे. ती इथवर कशी आली, किती शिकवल्यावर आली, आणि तिच्यात अजून किती शिल्लक आहे, हे फक्त तुला माहीत आहे.

आणि हे पत्र खरोखर वाचणारा माणूस निवड समितीत नसतो. समिती चाळते. पोरगी निवडली गेली की जुलैत जो प्रशिक्षक तिला ताब्यात घेतो, तो हे पत्र फाईलमधून काढून पुन्हा वाचतो. त्याच्यासाठी लिही. मग काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे तुला फारसं विचारावं लागणार नाही.

आता तुझ्या पत्रातल्या एकुलत्या एका आकड्याकडे येऊ. ‘१०० मीटर – १३.४ सेकंद’ असं लिहिलं आहेस. तुझ्या मनात खोट नाही, मला ठाऊक आहे. पण हा आकडा टिकणार नाही. कसा ते सांगतो, कारण हीच चूक आपल्या सगळ्या तालुक्यात होते.

तुमच्या मैदानावरची शंभराची रेघ पावलं मोजून आखलेली होती. परवा आपण लोखंडी टेप लावली तर ती ९८.५ मीटर भरली. दीड मीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण ही पोरगी शेवटच्या टप्प्यात सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास जाते. म्हणजे दीड मीटरला ०.२ सेकंद. हे मिळवलं की १३.४ चे १३.६ झाले.

दुसरं, तू शेवटच्या रेघेवर उभा होतास आणि सुरुवातीच्या शिट्टीचा आवाज ऐकून घड्याळ दाबलंस. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर तुझ्यापर्यंत यायला त्याला जवळपास ०.३ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात पोरगी निघालेली असते. म्हणून मोठ्या स्पर्धेत वेळाधिकारी बंदुकीचा धूर बघून घड्याळ दाबतात, आवाजाची वाट बघत नाहीत. आपल्याकडे बंदूक नसली तर सुरुवात करणाऱ्यानं हातातला रुमाल किंवा झेंडी झटक्यात खाली आणायची आणि तू डोळ्यानं बघून घड्याळ सुरू करायचं. हे ०.३ धरले की १३.९.

हे झालं हाताच्या घड्याळाचं खरं वाचन. अकादमीत वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रावर घेतली जाईल. तिथे माणसाचा बोट दाबायला लागणारा वेळ सुटत नाही. १०० आणि २०० मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून तुलना करायची, असा जगभरचा ठरलेला हिशेब आहे. म्हणजे यंत्रावर हिची वेळ १४.१ च्या आसपास दिसेल.

आता तूच बघ. तू १३.४ लिहून पाठवलंस, तिथे १४.१ आले. समितीतला माणूस काय म्हणेल? एकतर सर फुगवून लिहितात, नाहीतर पोरगी दडपणात कोसळते. दोन्ही खोटं आहे आणि दोन्हीचा फटका पोरीला बसेल. उलट तू ‘हाताच्या घड्याळावर १३.९’ लिहिलंस आणि तिथे १४.१ किंवा १४.० आले, की त्याच क्षणी तुझ्या पत्रातल्या बाकीच्या प्रत्येक ओळीवर त्यांचा विश्वास बसतो. तेरा वर्षांच्या, अनवाणी, मुरमावर धावणाऱ्या मुलीसाठी १४.१ ही वेळ लपवण्यासारखी अजिबात नाही.

म्हणून वेळ घ्यायची ती अशी. टेपनं मोजलेले १०० मीटर. तीन माणसं, तीन घड्याळं, तिघेही शेवटच्या रेघेच्या ओळीत उभे. तिघांची घड्याळं वेगवेगळी वाचतील, त्यातलं मधलं घ्यायचं. हाताच्या घड्याळाचे शंभरावे भाग लिहायचे नाहीत. पुढच्या दहाव्या भागावर चढवायचे. परवा आपल्याला १३.७८, १३.८४ आणि १३.९१ मिळाले. मधलं १३.८४, म्हणून लिहायचं १३.९. खाली उतरवून १३.८ लिहायचं नाही. आणि वारा बघ. फेब्रुवारी-मार्चनंतर आपल्याकडे दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, धुळ्याकडून जळगावकडे तोंड करून पळवलंस तर पोरगी वाऱ्यावर बसून येते. मान्य स्पर्धेत पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असला तर ती वेळ विक्रमाला धरत नाहीत. आपल्याकडे वारा मोजायचं यंत्र कुठलं! सकाळी साडेसहाला घे, झाडाचं पान हलत नसतं तेव्हा. आणि पत्रात तसं लिही.

एवढं सगळं कशाला, असं म्हणशील. एका ओळीसाठी. पण ती ओळ अशी होते: ‘टेपने मोजलेल्या मुरमाच्या मैदानावर, अनवाणी, वारा नसताना, तीन हातघड्याळांपैकी मधली वेळ १३.९ सेकंद.’ ज्याला कळतं तो ही ओळ वाचून थांबतो.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. आकड्याच्या मागे सराव किती आहे ते लिही. दोन पोरी आहेत समज, दोघींची वेळ १४.१. एक शहरातली, तीन वर्षं रोज क्लबात जाते, पायात स्पाइक्स, सिंथेटिक ट्रॅक. दुसरी आपली, आठ महिन्यांपासून आठवड्याला तीन दिवस, शाळा सुटल्यावर पाऊण तास. प्रशिक्षकाला कोणती हवी? त्याला दुसरी हवी असते, पण कागदावर त्याला दोघी सारख्याच दिसतात, कारण आपण सरावाचं काही लिहीतच नाही. उलट ‘नियमित कठोर सराव करते’ असं खोटंच लिहून तिचं पारडं हलकं करतो. कमी सराव हा इथे कमीपणा नाही. तो जसाच्या तसा लिहायचा.

खंडही लिही. पावसाळ्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते, जुलै-ऑगस्टात मैदानावर पाय टाकता येत नाही, म्हणून ऑगस्टात तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात उड्या आणि पायऱ्या करत होता. दिवाळीनंतर कापूस वेचणीला ती घरच्यांसोबत शेतात होती, पाच आठवडे सराव बंद. विभागीय स्पर्धेनंतर तिची वेळ का घसरली याचं उत्तर एवढंच आहे. प्रशिक्षकाला ते कळलं पाहिजे, नाहीतर तो उगाच दुखापत शोधत बसेल. यात लाजण्यासारखं काही नाही. शेतकऱ्याच्या घरची पोर आहे.

शिकवलेलं तिच्या पायात किती दिवसांत उतरतं, हे तर तुझ्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. तूच मला सांगितलंस की ती सुरुवातीला दुसऱ्याच पावलाला ताठ उभी राहायची. तू तिला पुढे झुकून, तोल जाऊ देत पहिलं पाऊल टाकायला शिकवलंस आणि चार आठवड्यांत उभ्या सुरुवातीपासूनचे ३० मीटर ५.३ वरून ५.० वर आले. मग हे पत्रात का नाही? ‘शिकण्याची वृत्ती आहे’ या वाक्यापेक्षा हा एक प्रसंग दसपट बोलतो. काय चुकत होतं, काय सांगितलं, किती दिवसांत बदललं. तीन वाक्यं पुरे.

आणि काय अजून चुकतं तेही लिही. हिचं पाऊल शेवटच्या वीस मीटरला शरीराच्या फार पुढे पडतं, टाच आधी लागते, खांदे वर चढतात. तुला ते दिसतं, पण सुधारायला तुझ्याकडे वेळ आणि मैदान नाही. लिही की. दोष लिहिल्यानं पोरगी बाद होत नाही. उलट समितीला कळतं की ही वेळ दोषासकट आलेली आहे, दोष गेला की वेळ उतरेल. ८०० मीटरही तसंच. ३ मिनिटं १० सेकंद लागले, पहिली फेरी जोरात मारली आणि दुसऱ्या फेरीत चालायची पाळी आली. लिहून टाक. चाचणीच्या आधी मात्र तिला दोन-तीनदा ८०० पळवून फेऱ्या सारख्या वेळात कशा करायच्या ते दाखव. वेगाच्या पोरी तिथे नेहमी गुण घालवतात.

इथे एक आपल्या भागाचं सांगून ठेवतो. धावणारं पोर म्हटलं की आपल्याकडे लगेच लांब पल्ला मनात येतो. त्याला कारणही आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तेव्हापासून खेड्यातली पोरगी म्हणजे लांब पळणारी, असं डोक्यात बसलं आहे. म्हणून ही वेगाची आहे हे तू पुराव्यानिशी सांगायला हवं. पुरावा १०० च्या वेळेत कमी आणि उडीत जास्त असतो. जागेवरून लांब उडी १.९८ मीटर, वेग घेऊन ३० मीटर ३.९ सेकंद. पायात स्प्रिंग आहे हे इथे दिसतं, ते सरावानं फार आणता येत नाही. पण याच्या पुढे जाऊन ‘हिला फक्त १०० मीटरसाठीच घ्यावे’ असं लिहू नकोस. तेरा वर्षांचं पोर अजून कशाचंही झालेलं नसतं. ॲथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडिया देशभरच्या जिल्ह्यांची जी निडजॅम स्पर्धा भरवते, तिथे १४ वर्षांखालच्यांना ट्रायथलॉन असतं, धावणं आणि उडी दोन्ही करावं लागतं, ते याच विचारानं. हिच्या उड्या बघता उद्या ती लांब उडीची किंवा अडथळ्यांची निघाली तर कोण सांगावं. तेव्हा ‘वेग व उडी या दोन्ही प्रकारांसाठी’ एवढं लिही आणि बाकी त्यांच्यावर सोड.

वयाबद्दल जरा कडक बोलतो. आपल्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीनं तीच तारीख टाकलेली. आता ते दिवस गेले, तरी अजूनही दाखल्यावर एक तारीख आणि जन्मनोंदीत दुसरी असं सापडतं. पत्रात वय लिहिण्याआधी नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला स्वतः हातात घेऊन बघ, आणि जन्माची तारीख बघून झाल्यावर खाली नोंदणीची तारीख बघ. जन्मानंतर लगेच नोंद झालेली असेल तर प्रश्न नाही. दहा वर्षांनी झालेली असेल तर ते लोक विचारणारच. शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. त्यात पोर बाद झालं तर नुसता प्रवेश जात नाही, शाळेचं नावही खराब होतं. घरच्यांनी कितीही गळ घातली तरी दाखल्यावर नसलेल्या तारखेखाली सही करू नकोस.

हिच्या बाबतीत वय उलट उपयोगाचं आहे आणि तेच तू विसरलास. तिचा जन्म नोव्हेंबरचा. शालेय स्पर्धेतल्या गटाची कट-ऑफ वर्षअखेरीची असते, म्हणजे १४ वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेली पोरगी हिच्यापेक्षा जवळपास दहा महिन्यांनी मोठी होती. त्या वयात दहा महिने म्हणजे कधी कधी चार बोटं उंची. जिल्ह्यात ही दुसरी आली ती अशा पोरींमध्ये. आणि येत्या हंगामात ती १७ वर्षांखालच्या गटात जाईल, तिथे सोळा वर्षांच्या मुली असतील. तिचा क्रमांक खाली गेला तर ती मागे पडली असं कोणी समजू नये, म्हणून आधीच लिहून ठेव.

वाढीचंही तसंच. गेल्या एप्रिलपासून ती ७ सेंटिमीटर वाढली आहे, म्हणजे वाढीचा जोर आत्ता आहे. मुलींमध्ये हा जोर साधारण बाराच्या आसपास येतो, कोणाला आधी, कोणाला उशिरा. ज्या पोरींचा तो दहाव्या-अकराव्या वर्षीच होऊन गेला, त्या सातवीत सगळ्यांना हरवतात आणि दहावीत तिथेच असतात. समितीला हे आवर्जून जाणून घ्यायचं असतं. शाळेच्या भिंतीवर पट्टी लावून तू दर तीन-चार महिन्यांनी उंची घेतोस ही फार चांगली सवय आहे, त्या नोंदी तारखांसकट खाली दे. आई-वडिलांची उंचीही लिही.

आरोग्याचं लिहिताना दोन भाग कर. प्रशिक्षकाला ज्याची रोज गरज आहे ते पत्रात. तिनं कधी स्पाइक्स घातलेले नाहीत, सिंथेटिकवर पाय ठेवलेला नाही. अनवाणी पोराला पहिल्याच आठवड्यात स्पाइक्स चढवून रोज ट्रॅकवर पळवलं की पोटऱ्या आणि टाचेवरची शीर धरते, नडगी दुखायला लागते, आणि पोर घाबरून घरी फोन करतं. एका वाक्यात सांगितलं तर तिथला माणूस पहिला महिना गवतावर काढील. टाच दुखण्याची तक्रार झाली होती का, किती दिवस होती, तेही सांग, वाढीच्या वयात ती बऱ्याच मुलांना होते.

बाकीचं आई-वडिलांना विचारून, बंद पाकिटात. हिमोग्लोबिन करून घे, आपल्याकडच्या मुलींत ते कमी निघणं नवं नाही. १२ च्या खाली असेल तर चाचणीच्या आधीच ग्रामीण रुग्णालयात दाखवून गोळ्या सुरू करता येतात, ८०० मीटरमध्ये जो दम तुटतो त्याचं एक कारण तेही असू शकतं. आणि सिकलसेलची तपासणी. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आणि आपल्याकडच्या भिल्ल, पावरा घरांतून हा दोष आढळतो. वाहक असलेली पोरं उत्तम खेळतात, पण त्यांना कडक उन्हात पाण्याविना, विश्रांतीविना एकामागून एक दौडी मारायला लावणं धोक्याचं असतं. अकादमीला ते माहीत हवं. पण हा कागद कार्यालयातल्या टेबलांवर फिरायचा नाही. मुलीच्या पाळीबद्दलही काही सांगायचं असेल तर ते आईनं तिथल्या वसतिगृहाच्या बाईंना सांगायचं, तू पत्रात नाही.

घरचं किती लिहायचं? थोडं. गरिबीचं वर्णन करून दया मागू नकोस, समितीला दयेनं जागा देता येत नाही आणि पोरीनं ते उद्या वाचलं तर तिला वाईट वाटेल. प्रशिक्षकाला उपयोगी पडेल तेवढंच. ती घरापासून कधी लांब राहिली आहे का? मामाकडे शिंदखेड्याला सुट्टीत महिनाभर राहिली, रडली नाही, हे लिही. घरी अहिराणी बोलतात, वर्गात मराठी नीट बोलते, पण नव्या माणसापुढे पहिले काही दिवस गप्प असते, हे लिही. गप्प पोराला तिथे घुमं समजतात. तिची आई मला परवा म्हणाली, ‘सर, आमनी पोरले तठे कोन देखी?’ हा प्रश्न तुला पत्रात सोडवता येणार नाही, पण सही करण्याआधी आई-वडिलांना एकदा वसतिगृह दाखवून आण. आई राजी नसताना गेलेली पोर दिवाळीला घरी येते आणि परत जात नाही.

आता सगळं एकत्र करून मजकूर कसा दिसेल ते बघ. शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारीख टाकून, मुख्याध्यापकांच्या मार्फत, एका पानात:

‘विषय: कु. ——, इयत्ता ८ वी, हिच्या निवासी प्रवेशासाठी शिफारस.

मी या विद्यार्थिनीला आठ महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ४५ मिनिटे शिकवत आहे. जन्मदाखल्याप्रमाणे तिचे वय १३ वर्षे ५ महिने आहे; दाखला मी स्वतः पाहिला आहे. शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील गटात १०० मीटरला ती तालुक्यात पहिली, जिल्ह्यात दुसरी व नाशिक विभागात सहावी आली. येत्या हंगामात ती १७ वर्षांखालील गटात जाईल.

टेपने मोजलेल्या मुरमाच्या मैदानावर, अनवाणी, वारा नसताना १०० मीटरची वेळ १३.९ सेकंद आहे (तीन हातघड्याळांपैकी मधली). वेग घेऊन ३० मीटर ३.९ सेकंद, जागेवरून लांब उडी १.९८ मीटर, ८०० मीटर ३ मि. १० से. गेल्या एप्रिलपासून उंची ७ सें.मी. वाढून १५५ सें.मी. झाली आहे.

सुरुवातीच्या टप्प्यात ती दुसऱ्या पावलालाच ताठ होत असे. चार आठवड्यांच्या सरावात हे सुधारले व उभ्या सुरुवातीपासूनचे ३० मीटर ५.३ वरून ५.० सेकंदांवर आले. शेवटच्या २० मीटरमध्ये पाऊल शरीराच्या पुढे पडते व खांदे आवळतात. हे अजून सुधारलेले नाही. कापूस वेचणीच्या काळात पाच आठवडे सराव बंद होता.

तिने स्पाइक्स वापरलेले नाहीत व ती सिंथेटिक ट्रॅकवर धावलेली नाही. नवीन ठिकाणी सुरुवातीला कमी बोलते, परंतु एकदा दाखवलेला व्यायाम घरी स्वतः करते. वेग व उडी या दोन्ही प्रकारांसाठी तिचा विचार व्हावा अशी शिफारस करतो. अधिक माहितीसाठी मला दूरध्वनी करावा.’

एवढंच. यात एकही विशेषण पोरीचं कौतुक करत नाही, आणि तरीही मला ती दिसते. तुझं आधीचं पत्र दीड पान होतं, त्यातलं पाऊण पान शाळेच्या स्थापनेवर आणि संस्थाचालकांच्या मार्गदर्शनावर गेलं होतं. संस्थेला बरं वाटावं म्हणून मुख्याध्यापक तो परिच्छेद पुन्हा घालायला सांगतील. त्यांना नम्रपणे सांग की समिती एक पानच वाचते. संस्थेचं नाव लेटरहेडवर आहेच.

एक अडचण तू विचारलीस, की दुसऱ्या एका पोराचे वडीलही पत्र मागत आहेत आणि त्याचा वेग काही विशेष नाही. नाही म्हणू नकोस आणि खोटंही लिहू नकोस. त्याचे आकडे घे, असतील तसे लिही, तुला जे खरोखर चांगलं दिसलं ते लिही, आणि ‘शिफारस करतो’ ऐवजी ‘अर्ज पुढील चाचणीसाठी सादर’ एवढ्यावर थांब. वाचणाऱ्याला फरक कळतो. दोन्ही पोरांना सारखंच गौरवून पाठवलंस तर पुढच्या वर्षीपासून तुझ्या सहीला वजन राहत नाही, आणि मग एखाद्या खऱ्या पोरीच्या वेळी ती कामाला येत नाही.

फोन नंबर स्वतःचा दे, शाळेचा नाही. मे महिन्यात शाळेचा फोन कोण उचलतो? आणि फोन आला तर उंचीच्या आणि वेळेच्या नोंदींची वही जवळ असू दे. ते एखाद्या तारखेबद्दल विचारतील.

पत्राची झेरॉक्स वहीत चिकटवून ठेव. निवड झाली नाही तर सप्टेंबरात, मैदान वाळल्यावर, तेच १०० मीटर, तीच तीन घड्याळं, तीच सकाळची वेळ धरून पुन्हा मोज आणि पुढच्या वर्षीच्या पत्रात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही. तोवर तिला आठवड्याला तीनच्या ऐवजी चार दिवस जमतील का ते घरी विचारून बघ, वेचणीच्या दिवसांतही निदान सकाळचा अर्धा तास.